चौकटीतली बेरीज आणि शोधाची ओळ

वैद्यकातला कोणताही सिस्टिमॅटिक रिव्ह्यू उघडा, पद्धतीच्या भागात एक वाक्य बहुधा सापडतेच: ‘पबमेड, स्कोपस आणि गूगल स्कॉलर या डेटाबेसमध्ये योग्य ते शब्द वापरून शोध घेतला.’ पुढच्या पानावर चौकटींची आकृती असते. इतक्या नोंदी मिळाल्या, इतक्या दुबार निघाल्या, इतक्या गाळल्या, शेवटी इतके अभ्यास उरले. आकृतीत आकडे असतात म्हणून वाचणाऱ्याचा तिच्यावर विश्वास बसतो. खरे तर रिव्ह्यूचे बरेवाईट आधीच्या त्या एका वाक्यात ठरून गेलेले असते, आणि नेमके तेच वाक्य काही सांगत नाही. कोणते शब्द, कोणत्या क्रमाने, कोणत्या दिवशी? जे जाळ्यात आलेच नाही, ते पुढच्या कोणत्याही चौकटीत दिसणार नाही.

ही आकृती 1999 साली ‘क्वोरम’ नावाच्या नियमावलीबरोबर रूढ झाली. 2009 मध्ये क्वोरमची जागा ‘प्रिझ्मा’ने घेतली आणि सुधारित प्रिझ्मा 2020 मार्च 2021 मध्ये प्रसिद्ध झाली. दोन्ही प्रिझ्मांमध्ये कलमे 27च आहेत, त्यामुळे वरवर पाहता फारसे काही बदललेले वाटत नाही. शोधापुरता बदल मात्र मोठा आहे. 2009 च्या नियमानुसार निदान एका डेटाबेसचा पूर्ण शोध छापला की भागत असे. 2020 च्या नियमात प्रत्येक डेटाबेसचा, प्रत्येक नोंदणी-यादीचा आणि प्रत्येक संकेतस्थळाचा पूर्ण शोध, त्यावर लावलेल्या मर्यादांसह, द्यावा लागतो. 2021 च्याच जानेवारीत ‘प्रिझ्मा-एस’ ही फक्त शोधासाठीची 16 कलमांची पुरवणी आली. ती मुख्यतः वैद्यकीय ग्रंथपालांच्या पुढाकाराने तयार झाली आणि ते तिच्यात जाणवते. डेटाबेस कोणत्या मंचावरून उघडला इतका बारीक प्रश्न ग्रंथपालालाच सुचतो.

नियम आले, पाळले किती गेले? याचा हिशेब 2024 साली जर्नल ऑफ क्लिनिकल एपिडेमिऑलॉजीमध्ये छापून आला. मेलिसा रेथलेफसेन आणि सहकाऱ्यांनी 100 रिव्ह्यू घेतले. त्यांत डेटाबेसचे एकूण 453 शोध होते. त्यांनी ते पुन्हा चालवून पाहिले. मूळ आकड्याच्या दहा टक्क्यांच्या आत उत्तर आले ते फक्त 47 शोधांचे. सगळा तपशील पुरवून पूर्णपणे पुन्हा चालवता येईल असा रिव्ह्यू शंभरात एक निघाला. हे नियमावलीच्या मागे तोंड लपवण्याचे प्रकरण आहे, असे माझे मत आहे. लेखाच्या पहिल्या परिच्छेदात ‘प्रिझ्मानुसार’ असे लिहायला काही लागत नाही.

शोधाच्या एका ओळीवर किती अवलंबून असते हे पाहायला आपल्याच राज्यातले उदाहरण घेऊ. समजा, रिव्ह्यूचा प्रश्न असा आहे: आरोग्यसेविकेने घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेतली, तर बाळांचे मृत्यू कमी होतात का? या प्रश्नावरचा एक पायाभूत अभ्यास गडचिरोलीचा. डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांचा हा लेख डिसेंबर 1999 मध्ये लॅन्सेटमध्ये आला. 39 गावांत घरच्या घरी नवजात सेवा आणि तुलनेला 47 गावे, अशी त्याची रचना होती. या विषयावरच्या शोधात हा लेख सापडला नाही, तर शोधच चुकला आहे असे बेधडक म्हणता येते. असे दोनचार माहीत असलेले लेख हाताशी ठेवून शोध तपासायचा, ही ग्रंथपालांची जुनी रीत आहे.

आता नवखा संशोधक शीर्षक आणि सारांशात काय शोधेल? ‘न्यूबॉर्न’ आणि ‘कम्युनिटी हेल्थ वर्कर’. दोन्ही शब्द बरोबरच आहेत. पण गडचिरोलीच्या लेखाच्या शीर्षकात बाळाला ‘निओनेटल’ म्हटले आहे आणि सारांशात बायांना ‘व्हिलेज हेल्थ वर्कर्स’. फक्त शब्दांवर विसंबलेल्या शोधाला हा लेख दिसणारच नाही. पबमेडच्या विषय-शीर्षकांनी, म्हणजे मेशच्या संज्ञांनी, तो कदाचित वाचवला असता. पण मेश वापरले की नाही हे ‘योग्य ते शब्द’ या शब्दप्रयोगावरून कसे कळणार? म्हणून शोध असा, जसाच्या तसा द्यावा लागतो:

```
#1 "Infant, Newborn"[Mesh] OR newborn*[tiab] OR neonat*[tiab]
#2 "Community Health Workers"[Mesh]
   OR "community health worker*"[tiab]
   OR "village health worker*"[tiab] OR ASHA[tiab]
#3 "Infant Mortality"[Mesh] OR mortality[tiab] OR death*[tiab]
#4 #1 AND #2 AND #3
```

या चार ओळींत वाचणाऱ्याला भांडायला पुरेसे काही आहे, आणि छापण्याचा हेतू तोच. कोणी म्हणेल, अंगणवाडी सेविका आणि सुईणी कुठे गेल्या? घरभेटीसाठी वेगळी ओळ का नाही? मृत्यूची तिसरी ओळ घातली तर ज्या लेखाच्या सारांशात मृत्यूचा उल्लेखच नाही, पण आतल्या तक्त्यात आहे, तो सुटेल. मग ही ओळ काढूनच टाकायला नको का? हे आक्षेप रास्त आहेत. शोध छापला म्हणून ते घेता आले. ‘आशा’ हा शब्दही वाटतो तितका साधा नाही. अमेरिकेतल्या वाचा-भाषा-श्रवणतज्ज्ञांच्या संघटनेचे लघुरूप हेच आहे आणि नवजात बाळांच्या श्रवणचाचणीवरचे लेख त्यामुळे पहिल्या दोन ओळींत घुसतात. मृत्यूच्या ओळीमुळे त्यांतले बहुतेक बाहेर पडतात, हा त्या ओळीचा फायदा. अशी देवाणघेवाण केल्याशिवाय शोध बनत नाही, म्हणून तो दुसऱ्या जाणकाराकडून तपासून घ्यावा आणि तसे लिहावे, असे प्रिझ्मा-एसचे एक कलम सांगते.

शोध नुसता शब्दांत सांगितला तर आणखी एक गोष्ट हरवते. पबमेडच्या चौकटीत खुणा न लावता शब्द टाकले, तर ते यंत्र आपल्या मनाने त्यांचा विस्तार करते: मेशची संज्ञा जोडते, अनेकवचन आणि ब्रिटिश-अमेरिकन स्पेलिंगही जोडते. म्हणजे आपण तीन शब्द टाइप केले तरी प्रत्यक्षात चालतो वेगळाच शोध. तो ‘सर्च डिटेल्स’मध्ये दिसतो, आणि जपून ठेवायचा तो तिथला. शिवाय पबमेडचे हे वागणे बदलत राहते. 2020 मध्ये नवे पबमेड आले तेव्हा तारांकित शब्दांवरची मर्यादा गेली. जुन्या पबमेडमध्ये असा शब्द पहिल्या 600 रूपांपर्यंतच पोचायचा. तीच ओळ त्याआधी आणि त्यानंतर चालवली तर आकडा वेगळा येऊ शकतो. म्हणून शोधाची तारीख दिवसासह हवी. ‘2023 पर्यंतचे लेख शोधले’ ही शोधाची तारीख नव्हे, ती प्रकाशनाची मर्यादा झाली. या दोन्हींची गल्लत फार वेळा दिसते.

डेटाबेसच्या नावांतही असाच घोळ असतो. ओविड आणि एब्स्को हे डेटाबेस नव्हेत, ते मंच आहेत. मेडलाइन पबमेडवरून शोधता येते आणि ओविडवरूनही, पण दोन्हीकडे शोधाची भाषा वेगळी. पबमेड मेशच्या संज्ञेखालच्या पोटसंज्ञा आपोआप घेते. ओविडमध्ये त्यासाठी संज्ञेआधी `exp` लिहावे लागते. ते विसरले तर शोध चालतो, तक्रार करत नाही, फक्त कमी लेख आणतो. मेशची ओळ एम्बेसमध्ये तशीच उतरवून चालत नाही, कारण तिथे एमट्री नावाची स्वतःची संज्ञावली आहे. ‘कॉक्रेन लायब्ररी’ म्हटले तर आतला कोणता भाग? प्रयोगांचा साठा सेंट्रलमध्ये असतो, कॉक्रेनचे स्वतःचे रिव्ह्यू वेगळ्या डेटाबेसमध्ये. वेब ऑफ सायन्सचे आणखी निराळे. तिथल्या ‘कोअर कलेक्शन’मधल्या कोणत्या सूची आणि किती सालापासूनच्या दिसतील हे संस्थेने भरलेल्या वर्गणीवर ठरते. दोन विद्यापीठांतल्या दोघांनी एकाच दिवशी एकच ओळ चालवली तरी आकडे वेगळे येतील आणि दोघेही खरे असतील. म्हणून मंच आणि सूची दोन्ही लिहायच्या.

किती डेटाबेस पुरेत? यावर विखोर ब्रामर आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये 58 रिव्ह्यूंवर काम केले. एम्बेस, मेडलाइन, वेब ऑफ सायन्स आणि गूगल स्कॉलर हे चार एकत्र घेतले तर रिव्ह्यूंमध्ये शेवटी घेतलेल्या लेखांपैकी 98.3 टक्के सापडतात, असे त्यांना दिसले. म्हणून सगळ्यांनी हेच चार घ्यावेत असे मात्र नाही. आपल्या घरभेटीच्या प्रश्नावर भारतातले बरेच काम प्रबंधांत आणि चाचण्यांच्या नोंदीत असते. प्रबंधांसाठी इन्फ्लिबनेटचे शोधगंगा आहे. चाचण्यांसाठी 2007 मध्ये सुरू झालेली क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया, म्हणजे सीटीआरआय. चाचणीची तिथे नोंद करणे 15 जून 2009 पासून सक्तीचे आहे. नोंद झाली पण निकाल छापला नाही, अशी चाचणी तिथेच सापडते. ती सापडली तर छापील निकाल एकाच बाजूला झुकलेले आहेत का, याचा अंदाज येतो. गूगल स्कॉलर वापरले तर पहिल्या किती नोंदी पाहिल्या ते लिहावे. तो वर दाखवतो तो आकडा अंदाजी असतो आणि प्रत्यक्षात हजारापलीकडच्या नोंदी पाहताच येत नाहीत. ‘गूगल स्कॉलरमध्ये 17,600 लेख मिळाले आणि सगळे तपासले’ असे कुठे वाचले, तर ते शक्य नव्हते एवढे नक्की समजावे.

आता आकृतीकडे. आपल्या प्रश्नाचे आकडे मी मनाने घेतो. हिशेब कसा चालतो ते दाखवण्यापुरतेच ते आहेत. पबमेडमधून 1,842, एम्बेसमधून 2,310, सेंट्रलमधून 416 आणि नोंदणी-यादीतून 63. बेरीज 4,631. प्रत्येक स्रोताचा आकडा वेगळा हवा, कारण वाचणारा पुन्हा शोध चालवेल तो एकेका डेटाबेसवर. एकूण बेरजेशी त्याला काही ताडून पाहता येत नाही. यांतल्या 1,389 नोंदी दुबार निघाल्या आणि चाळणीला 3,242 आल्या.

दुबार काढणे हे यांत्रिक काम समजून एका वाक्यात उरकले जाते, पण इथेही लेख हरवतात. गडचिरोलीचाच लेख घ्या. एका डेटाबेसमधल्या नोंदीत पाने ‘1955-61’ असतील आणि दुसरीत ‘1955-1961’. मासिकाचे नाव एकीकडे पूर्ण, दुसरीकडे संक्षिप्त. पाने अक्षरशः जुळवणारा नियम यांना दोन लेख मानेल. ही चूक त्रासदायक असली तरी निरुपद्रवी आहे, कारण पुढे डोळ्यांना दिसते. उलटी चूक घातक. परिषदेतला सारांश आणि नंतरचा पूर्ण लेख यांचे शीर्षक आणि लेखक तेच असतात. नुसत्या शीर्षकावर जुळवणी केली तर पूर्ण लेख दुबार ठरून गेला आणि सारांश उरला, असे होऊ शकते. म्हणून कोणते सॉफ्टवेअर वापरले, कोणत्या रकान्यांवर जुळवणी केली आणि माणसाने हाताने पाहिले का, एवढे लिहायला हवे.

3,242 नोंदींची शीर्षके आणि सारांश दोघांनी एकमेकांचे न पाहता वाचले, 3,106 गाळले, उरले 136. या 136 लेखांचे पूर्ण मजकूर मागवले आणि पाच मिळालेच नाहीत. 2020 च्या आकृतीत या पाचांसाठी वेगळी चौकट आहे. ती भारतीय रिव्ह्यूंमध्ये बहुतेक वेळा शून्य दाखवते आणि ते मला पटत नाही. वर्गणीशिवाय न उघडणारी मासिके, बंद पडलेल्या नियतकालिकांचे जुने अंक, लेखकाला लिहिलेल्या पण उत्तर न आलेल्या मेल, हे सगळे असताना शून्य कसे? बहुधा न मिळालेले लेख ‘निकषात बसत नाहीत’ या रकान्यात गुपचूप ढकललेले असतात.

उरलेल्या 131 लेखांपैकी 110 वगळले. अभ्यासाची रचना बसत नव्हती असे 48, घरभेट नसलेले 27, नवजात नसलेले 22 आणि मृत्यूची माहिती नसलेले 13. बेरीज 110 येते. इथे बेरीज न येणे ही सर्वांत ठळक खूण आहे. एकाच लेखाला दोन कारणे लावली की बेरीज वाढते, म्हणून कारणांचा क्रम आधी ठरवायचा आणि पहिले लागू पडलेले कारण धरायचे. पूर्ण मजकूर वाचताना सापडलेली दुबार नोंद निकषांमुळे वगळली असे दाखवले की बेरीज जुळते, पण अर्थ चुकतो. आकड्यांवर भागत नाही, वगळलेल्या लेखांची नावेही हवीत. रिव्ह्यूंचा दर्जा तपासणाऱ्या ॲमस्टार 2 या साधनात वगळलेल्या अभ्यासांची कारणांसह यादी हा सात कळीच्या निकषांपैकी एक आहे. वाचणारा विचारणार, अमुक अभ्यास का नाही? यादी असेल तर त्याला उत्तर मिळते, नसेल तर वादाला तोंड फुटते.

131 वजा 110 म्हणजे 21 लेख राहिले. संदर्भयाद्या धुंडाळून आणखी चार मिळाले, ते आकृतीत उजव्या बाजूच्या वेगळ्या रांगेत येतात. एकूण लेख 25 आणि अभ्यास 19. हे दोन आकडे वेगळे का? गडचिरोलीच्या प्रयोगावर 1999 नंतरही लेख आले. 2005 मध्ये जर्नल ऑफ पेरिनॅटॉलॉजीच्या पुरवणी अंकात तर दहा वर्षांच्या निष्कर्षांसह अनेक लेख एकत्र छापले गेले. लेख कितीही असोत, प्रयोग एकच. त्यांना वेगवेगळे अभ्यास मानून गोळाबेरीज केली तर तीच बाळे दोनदा मोजली जातात आणि उत्तर खोट्या आत्मविश्वासाने बाहेर पडते. प्रिझ्मा 2020 ने नोंद, लेख आणि अभ्यास हे तीन वेगळे धरले ते यासाठीच. आकृतीच्या शेवटच्या चौकटीत एकच आकडा दिसला, तर तो लेखांचा की अभ्यासांचा, हे तक्त्याशी ताडून पाहावे.

काम वर्षभर रेंगाळले की शोध पुन्हा चालवावा लागतो; रिव्ह्यू पूर्ण होण्याआधीच्या 24 महिन्यांत शोध झालेला असावा अशी ॲमस्टार 2 ची अपेक्षा आहे. दुसऱ्या खेपेत प्रकाशनाच्या तारखेची मर्यादा लावणे ही नेहमीची चूक. जुन्या तारखेचे लेख डेटाबेसमध्ये उशिरा चढतात, ते अशाने निसटतात. मर्यादा नोंद डेटाबेसमध्ये कधी आली त्या तारखेची लावायची, आणि दोन्ही खेपांचे आकडे वेगळे दाखवायचे.

एवढे करूनही दुसऱ्याचा आकडा तंतोतंत येणार नाही. मेशच्या संज्ञा दरवर्षी बदलतात, जुन्या नोंदी दुरुस्त होतात. दहा टक्क्यांची सूट म्हणूनच वाजवी आहे. दहापट फरक मात्र संज्ञांच्या बदलाने पडत नाही. तो पडतो तेव्हा छापलेली ओळ चालवलेली नसते, किंवा चालवलेली छापलेली नसते.

वैद्यकीय महाविद्यालयांतल्या शिक्षकांच्या बढतीसाठी आता सिस्टिमॅटिक रिव्ह्यूही धरला जातो, त्यामुळे असे लेख वाढले आहेत आणि वाढत राहतील. मार्गदर्शकांना आणि मासिकांच्या परीक्षकांना म्हणून एक विनंती. हस्तलिखित आले की आकृतीआधी शोधाची फाइल मागा: प्रत्येक डेटाबेसची ओळ, मंच, तारीख, त्या दिवशीचा आकडा. त्यांतली पबमेडची ओळ स्वतः चिकटवून चालवा. वर्गणी लागत नाही आणि पाच मिनिटांत होते. आकडा जवळपास आला तर पुढे वाचा. फाइलच नसेल, तर लेख परत पाठवा.